बिलात ‘दर’ चुकला म्हणजे कोणता दर? जीएसटी बिलाच्या दुरुस्तीची मागणी नेमकी कशी लिहावी

“बिल चुकलंय, दुरुस्त करून द्या” असा निरोप पुरवठादाराला जातो. चार-सहा दिवसांनी दुरुस्त बिल किंवा क्रेडिट नोट येते. उधारीचा आकडा जुळतो, सगळे निर्धास्त होतात. महिना संपला, टू-बी म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारं आपलं विवरण काढलं, की कर पुन्हा जुळत नाही. मग परत फोन, परत नवी नोट, आणि या वेळी आधी बरोबर असलेलंच काहीतरी बिघडून येतं. सांगलीत व्यापाऱ्यांचा जमाखर्च आणि जीएसटीचं काम करताना माझ्यापुढे वारंवार येणारी अडचण हीच आहे. प्रत्येक वेळी मी आधी पुरवठादाराची नोट बघत नाही, आपल्याकडून गेलेला निरोप बघते. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो, कारण बिलातला कोणता रकाना चुकलाय, किती आकडा छापलाय आणि किती हवा होता, यातलं काहीच त्यात नसतं.

पुरवठादाराकडे संगणकावर बसलेला माणूस मुद्दाम चूक करत नाही. त्याला दिवसात पन्नास बिलं काढायची असतात. निरोपातून त्याला जे कळलं ते तो दुरुस्त करतो. म्हणून एकच प्रकरण सविस्तर सांगते, कारण त्यात निरोप चुकला तर काय होतं ते आकड्यांत दिसतं.

मार्केट यार्डातले आमचे एक बेदाणा व्यापारी आहेत. दिवाळीच्या तोंडावर कोल्ड स्टोरेजमधला माल काढून पॅकिंग जोरात चालतं, तेव्हा त्यांनी कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून पॅकिंगचं साहित्य मागवलं. ८ ऑक्टोबर २०२५ चं बिल, नंबर `KP/25-26/0418`. त्यात तीन ओळी होत्या.

पहिली ओळ १५ किलोच्या कोरुगेटेड बॉक्सची, २,००० नग, ४२ रुपयांप्रमाणे ८४,००० रुपये, त्यावर १२ टक्के जीएसटी. दुसरी ओळ बॉक्सच्या आत घालायच्या प्लॅस्टिक लायनरची, २,००० नग, ६ रुपयांप्रमाणे १२,००० रुपये, १८ टक्के. तिसरी ओळ चिकटपट्टीची, म्हणजे बीओपीपी टेपची, ७२ रोल, ५० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये, १८ टक्के. करपात्र रक्कम ९९,६००, सीजीएसटी ६,४४४, एसजीएसटी ६,४४४, एकूण बिल १,१२,४८८ रुपये.

बॉक्सची ओळ दिवाणजींच्या लगेच लक्षात आली. जीएसटी कौन्सिलच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीनंतर १२ टक्क्यांचा टप्पा जवळजवळ संपला आणि २२ सप्टेंबरपासून कोरुगेटेड बॉक्सवर ५ टक्के लागू झाले. माल, बिल आणि पैसे तिन्ही त्या तारखेनंतरचे, तेव्हा वादाला जागा नव्हती. ८४,००० वर १२ टक्क्यांनी १०,०८० होतात, ५ टक्क्यांनी ४,२००. फरक ५,८८० रुपये. दिवाणजींनी हिशेब अगदी बरोबर केला आणि मोबाइलवरून निरोप पाठवला: “साहेब, बॉक्सचा रेट जादा लागलाय. ५८८० कमी करून द्या.”

तीन दिवसांनी क्रेडिट नोट आली, बरोबर ५,८८० रुपयांची. दिवाणजींनी ती खात्यावर टाकली, बाकी जुळली. महिनाअखेरीला खरेदीचं रजिस्टर तपासताना मी ती नोट उघडली. तिच्यात लिहिलं होतं: दरातील फरक, करपात्र रक्कम ५,२५०, सीजीएसटी ३१५, एसजीएसटी ३१५, एकूण ५,८८०.

इथे जरा थांबून बघा. कारखान्याच्या माणसाने ‘रेट’ म्हणजे नगाचा भाव धरला. मग एकूण ५,८८० कमी करायचे तर १२ टक्के करासह किती भाव कमी करावा लागेल, असा त्याने उलटा हिशेब केला आणि ५,२५० काढले. गणित बिनचूक आहे. ५,२५० वर १२ टक्के ६३०, बेरीज ५,८८०. पैसे पैशाला जुळले, म्हणून कुणालाच शंका आली नाही. पण या नोटेनंतर पुस्तकात बॉक्सची खरेदी ७८,७५० ची झाली आणि तिच्यावरचा कर राहिला ९,४५०, म्हणजे तोच १२ टक्के. खरा आकडा होता ८४,००० ची खरेदी आणि ४,२०० कर. भाव ४२ च्या ऐवजी ३९ रुपये ३७ पैशांच्या आसपास दिसू लागला, आणि इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची मिळणारी वजावट, खऱ्यापेक्षा ५,२५० रुपये जास्त. चुकीचा कर तसाच राहिला, उलट योग्य असलेला भाव बिघडला.

मूळ गोंधळ शब्दाचा आहे. आपल्याकडे ‘दर’ म्हणा की ‘रेट’ म्हणा, नगाच्या भावालाही तोच शब्द आणि कराच्या टक्केवारीलाही तोच. ‘रक्कम’ तशीच. कुणी करपात्र रक्कम म्हणतं, कुणी करासह एकूण, कुणी फक्त कराची रक्कम. ‘बिल नंबर’ म्हटलं तर काही जण ई-वे बिलाचा नंबर कळवतात. समोर बसून बोलताना बोट ठेवून दाखवता येतं, म्हणून हा घोळ कधी जाणवत नाही. निरोपात बोट नसतं. त्यामुळे मी माझ्याकडच्या सगळ्या दिवाणजींना एक सवय लावली आहे: नुसता ‘दर’ लिहायचाच नाही. ‘नगाचा भाव’ किंवा ‘कराचा टक्का’ लिहायचं. नुसती ‘रक्कम’ही नाही. ‘करपात्र रक्कम’, ‘सीजीएसटी’, ‘एसजीएसटी’, ‘एकूण बिल’ यांतलं नेमकं एक नाव घ्यायचं. एवढ्यानेच निम्म्या फेऱ्या वाचतात.

मागणी लिहायच्या आधी बिल वाचून घ्यावं लागतं, आणि ते वरून खाली ठरावीक क्रमाने. मी आधी दोन्ही बाजूंचे जीएसटी नंबर पाहते. पंधरा अक्षरांचा नंबर, सुरुवातीला राज्याचा संकेत, महाराष्ट्राचा २७, त्यानंतर पॅनची दहा अक्षरं. मग बिलाचा नंबर, तारीख आणि ‘पुरवठ्याचं ठिकाण’ हा रकाना. ते सगळं ठीक असेल तर ओळींकडे वळते. प्रत्येक ओळीत मालाचा एचएसएन संकेत, नग, नगाचा भाव, करपात्र रक्कम, कराचा टक्का, कराची रक्कम. छापलेल्या टक्क्यावर मी विश्वास ठेवत नाही, कराच्या रकमेला करपात्र रकमेने भागून बघते:

```
10080 / 84000 * 100 = 12
```

हा भागाकार करण्याचं कारण असं की कधी कधी ओळीपुढे ५ टक्के छापलेलं असतं आणि खाली कर मात्र १२ ने लावलेला असतो. तेव्हा ‘कराचा टक्का चुकला’ असं लिहिलं तर पुरवठादार म्हणतो, टक्का तर ५ च छापलाय. तिथे चूक रकमेच्या रकान्यात आहे, टक्क्याच्या नाही, आणि मागणीतही तसंच लिहायला हवं. आमच्या बिलात टक्का आणि रक्कम दोन्ही १२ ने होते, म्हणजे चूक एकाच जागेवरून आली होती. कारखान्याच्या सॉफ्टवेअरमधल्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या कायमच्या यादीत, बॉक्सपुढे जुना टक्का तसाच राहिला होता.

ओळी तपासताना दुसरी चूकही सापडली, जी दिवाणजींच्या नजरेतून सुटली होती. टेपचे ७२ रोल बिलात होते, पण मालाबरोबर आलेल्या चलनावर ६० लिहिलेले होते आणि गोदामातल्या आवक वहीतही ६०. बारा रोल आलेच नव्हते. ५० रुपयांप्रमाणे ६०० रुपये करपात्र, त्यावर १८ टक्के १०८, म्हणजे ७०८ रुपये जास्त लागले होते. इथे कराचा टक्का बरोबर होता, नगाचा भाव बरोबर होता, फक्त नग चुकले होते.

एकाच बिलात दोन वेगळ्या जातीच्या चुका असल्या की मागणी लिहिताना मोह होतो तो बेरीज करून एकच आकडा कळवायचा. “एकूण ६,५८८ कमी करा.” हेच टाळायचं. ५,८८० हा निव्वळ कराचा फरक आहे, त्यात करपात्र रकमेला हात लागत नाही. ७०८ मध्ये ६०० करपात्र रक्कम आणि १०८ कर आहे. एकत्र आकडा दिला तर समोरचा माणूस तो कुठेही, कसाही फोडू शकतो, आणि बेरीज तरीही जुळते. पहिल्या नोटेत नेमकं हेच झालं होतं.

लायनरच्या ओळीबद्दलही एक गोष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं, जरी तिच्यात चूक नव्हती. टक्के बदलले असं कळवलं की घाईत सगळ्याच ओळी ५ टक्क्यांवर नेल्याची बिलं मी पाहिली आहेत. प्लॅस्टिक लायनर आणि टेप १८ टक्क्यांवरच आहेत. म्हणून कोणती ओळ बरोबर आहे आणि तिला हात लावू नये, हेही मागणीत स्पष्ट लिहायचं.

आता दुरुस्ती कोणत्या मार्गाने मागायची ते. पुरवठादाराला नुसतं ‘दुरुस्त करा’ म्हटलं की काही जण जुन्याच नंबरचं, जुन्याच तारखेचं नवं पीडीएफ पाठवतात. कागद सुंदर दिसतो, पण त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणात, जुनेच आकडे जातात, आणि तेच आपल्या टू-बीमध्ये उतरतात. कागद एक आणि पोर्टल दुसरं अशी अवस्था होते. त्यामुळे काय हवंय ते आपणच सांगायचं.

करपात्र रक्कम किंवा कर जास्त लागला असेल, किंवा माल कमी आला असेल, तर सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट. उलट कमी लागला असेल तर डेबिट नोट. पैशाचा काहीच फरक नसेल, म्हणजे आपला जीएसटी नंबर एका अक्षराने चुकलाय किंवा तारीख चुकलीय, तर क्रेडिट नोटेचा उपयोग नाही. तिथे त्यांच्या जीएसटीआर-१ मधली मूळ नोंद सुधारून मागायची, नाहीतर बिल दुसऱ्याच कुणाच्या टू-बीत जाऊन बसतं. पुरवठादार ई-इनव्हॉइस काढणारा असेल, बिलावर आयआरएन म्हणजे पोर्टलवरून मिळालेला क्रमांक आणि क्यूआर असेल, तर पूर्ण बिल पोर्टलवर रद्द करायला फक्त २४ तास मिळतात. त्यात थोडीशी दुरुस्ती करण्याची सोयच नाही, आणि रद्द केलेला नंबर परत वापरता येत नाही. म्हणून अशा पुरवठादाराचं बिल त्याच दिवशी वाचायला हवं.

पुरवठ्याचं ठिकाण चुकलं असेल तर ती किरकोळ दुरुस्ती समजू नका. आपल्याकडून विजयपूर, बेळगावकडे माल जातो-येतो, तेव्हा हे घडतं. कर्नाटकातल्या खरेदीदाराला माल पाठवला आणि बिल सीजीएसटी-एसजीएसटीने काढलं, तर टक्का आणि एकूण रक्कम दोन्ही बरोबर दिसतात, पण कराची जातच चुकलेली असते. परराज्यात जाणाऱ्या मालावर आयजीएसटी हवा होता. त्याची मागणी “कर चुकला” अशी लिहिली तर समोरचा टक्का तपासून ‘बरोबर आहे’ म्हणून सोडून देतो. पुरवठ्याचं ठिकाण छापलंय महाराष्ट्र (२७), हवं कर्नाटक (२९), त्यामुळे सीजीएसटी व एसजीएसटी शून्य होऊन तेवढाच आयजीएसटी व्हायला हवा, इतकं उघड लिहावं लागतं.

आमच्या प्रकरणात कारखाना ई-इनव्हॉइसच्या मर्यादेखालचा होता, ऑक्टोबरचं जीएसटीआर-१ अजून भरलेलं नव्हतं, आणि माल त्याच बिलावर ई-वे बिलासह पोचलेला होता. म्हणून मूळ बिल तसंच ठेवायचं, चुकीची क्रेडिट नोट रद्द करायची आणि नवी बरोबर नोट घ्यायची, असं मी ठरवलं. त्यांच्या हिशेबनिसांशी फोनवर बोलून मग हे पत्र ईमेलने पाठवलं:

> विषय: बिल क्र. `KP/25-26/0418`, दि. ८ ऑक्टोबर २०२५, यातील दोन ओळींची दुरुस्ती
>
> महोदय,
> सदर बिलातील दोन ओळींत चूक आहे. दोन्ही चुका वेगवेगळ्या आहेत, म्हणून स्वतंत्र लिहिल्या आहेत.
>
> ओळ १, कोरुगेटेड बॉक्स, २,००० नग. चुकलेला रकाना: कराचा टक्का. छापलेला १२ टक्के, हवा ५ टक्के. नग, नगाचा भाव ४२ रु. आणि करपात्र रक्कम ८४,००० रु. बरोबर आहे, त्यात बदल नको. सीजीएसटी छापलेला ५,०४०, हवा २,१००, फरक २,९४०. एसजीएसटी छापलेला ५,०४०, हवा २,१००, फरक २,९४०. कारण: १७ सप्टेंबर २०२५ च्या केंद्रीय कर (दर) अधिसूचना क्र. ९/२०२५ नुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के लागू. माल व बिल त्यानंतरचे आहेत.
>
> ओळ २, प्लॅस्टिक लायनर. बरोबर आहे. बदल करू नये.
>
> ओळ ३, बीओपीपी टेप. चुकलेला रकाना: नग. छापलेले ७२, मिळालेले ६०. नगाचा भाव ५० रु. व कराचा टक्का १८ बरोबर आहे. करपात्र रक्कम छापलेली ३,६००, हवी ३,०००, फरक ६००. सीजीएसटी छापलेला ३२४, हवा २७०, फरक ५४. एसजीएसटी छापलेला ३२४, हवा २७०, फरक ५४. कारण: आपल्याच चलनावर ६० रोल नोंद आहेत, चलनाची प्रत जोडली आहे.
>
> एकूण परिणाम: करपात्र रक्कम ९९,६०० वरून ९९,०००. सीजीएसटी ६,४४४ वरून ३,४५०. एसजीएसटी ६,४४४ वरून ३,४५०. एकूण १,१२,४८८ वरून १,०५,९००. कमी व्हायची रक्कम ६,५८८ रु.
>
> विनंती: (१) ‘दरातील फरक’ या कारणाने दिलेली ५,८८० रु. ची आधीची क्रेडिट नोट रद्द करावी, कारण नगाच्या भावात फरक नव्हता. (२) वरील फोडीप्रमाणे मूळ बिलाचा नंबर व तारीख नमूद करून एक क्रेडिट नोट द्यावी. (३) बॉक्सच्या आयटम मास्टरमध्ये कराचा टक्का बदलावा. (४) ही नोट ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवावी.
>
> या बिलावरील इनपुट टॅक्स क्रेडिट आम्ही अद्याप घेतलेले नाही.

पत्र लांब वाटेल, पण प्रत्येक ओळ एकाच साच्यात आहे: कोणता रकाना, छापलेलं काय, हवं काय, फरक किती, पुरावा कोणता. खालची बेरीज पडताळणीसाठी दिलीय, मागणी म्हणून नाही. समोरच्याने नोट काढली की त्याची बेरीज आणि माझी बेरीज दोन्हीकडून ताडता येते. ओळींतले फरक मिळवून बघा: २,९४० अधिक ५४ म्हणजे २,९९४, आणि ६,४४४ मधून ३,४५० गेले तरी २,९९४. पाठवण्यापूर्वी ही उलटतपासणी मी नेहमी करते, कारण दुरुस्तीच्या पत्रातच आकडा चुकला तर पुढे कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात राहत नाही.

शेवटची क्रेडिटबद्दलची ओळ पुष्कळ जण गाळतात. क्रेडिट नोट दिल्यावर पुरवठादाराचा कर कमी होतो तो खरेदीदाराने तेवढं क्रेडिट सोडलं असेल तर, अशी अट आता कलम ३४ मध्ये स्पष्टपणे आली आहे. आपण क्रेडिट घेतलंय की नाही, घेतलं असेल तर किती, हे आधीच लिहून दिलं की त्यांचे हिशेबनीस नोट द्यायला कचरत नाहीत. पुढे ती नोट पोर्टलवर आयएमएसमध्ये, म्हणजे आलेली बिलं आणि नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या पानावर, आली की ती नीट वाचून स्वीकारायची. न बघता नाकारली तर तेवढा कर पुरवठादाराच्या अंगावर परत येतो, आणि संबंध बिघडतात.

पत्र पोचल्यावर कारखान्यातून संगणकावरच्या मुलाचा फोन आला. “मॅडम, बॉक्सच्या ओळीत करपात्र रक्कम शून्य घेऊन कर कसा टाकू? सॉफ्टवेअर घेत नाही.” ही अडचण खरी आहे आणि नेहमी येते. कर आपोआप मोजणाऱ्या नोंदीत शून्यावर कर शून्यच निघतो. बहुधा याच कारणाने लोक भाव कमी करून आकडा जुळवतात. यातून दोन वाटा आहेत. एक म्हणजे कराची रक्कम हाताने टाकता येईल अशा पद्धतीने नोट करायची, करपात्र फरक शून्य, सीजीएसटी २,९४०, एसजीएसटी २,९४०. दुसरी वाट अशी की बॉक्सची पूर्ण ओळ जुन्या टक्क्याने क्रेडिट करायची, ८४,००० अधिक १०,०८० म्हणजे ९४,०८०, आणि त्याच ओळीचं ५ टक्क्यांनी नवं बिल काढायचं, ८४,००० अधिक ४,२०० म्हणजे ८८,२००. दोन्हींचा निव्वळ फरक ५,८८० च. दुसऱ्या वाटेने जायचं असेल तर नव्या बिलावर जुन्या बिलाचा आणि नोटेचा नंबर, आणि ‘माल पूर्वीच पोचलेला’ असा शेरा हवाच, नाहीतर वर्षअखेरीला दोन हजार बॉक्स दोनदा खरेदी केलेले दिसतात. माझा कल पहिल्या वाटेकडे असतो, कारण जास्त लागलेला कर कमी करणं एवढंच तिच्यात आहे आणि खरेदीची पुस्तकं हलत नाहीत. पण कोणती वाट धरायची हे दोन्हीकडच्या हिशेबनिसांनी आधी बोलून ठरवावं. आपण एक गृहीत धरलं आणि त्यांनी दुसरी केली, तर पुन्हा तोच घोळ. इथे त्यांच्या हिशेबनिसांनी कराची रक्कम हाताने टाकून पहिल्या पद्धतीने नोट केली.

२२ सप्टेंबरच्या आसपासची बिलं तपासत असाल तर एक खबरदारी. माल बदलाआधी गेला, बिल नंतर निघालं, पैसे आणखी कधीतरी, अशा व्यवहारात कोणता टक्का लागतो ते कलम १४ ठरवतं. माल, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला असतील तो टक्का, असं ते नियम वाचल्यावर हाताला लागतं. त्यामुळे अशा बिलाच्या मागणीत नुसतं ‘५ टक्के हवे’ लिहून भागत नाही, तिन्ही तारखा द्याव्या लागतात. १८ सप्टेंबरला माल गेलेला, २० ला बिल झालेलं आणि पैसे ऑक्टोबरमध्ये दिलेले असतील, तर १२ टक्केच बरोबर आहेत आणि दुरुस्ती मागणं चूक ठरेल. ही मागणी करून नंतर माघार घ्यावी लागलेले व्यापारी मला माहीत आहेत, आणि त्यानंतर त्यांच्या खऱ्या तक्रारीही पुरवठादार मनावर घेत नाही.

मुदतीचं सांगायचं तर, २०२५-२६ च्या बिलावरची क्रेडिट नोट पुरवठादाराला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत किंवा त्यांचं वार्षिक विवरण भरेपर्यंत, यांपैकी जे आधी असेल तोपर्यंतच विवरणात दाखवता येते. म्हणून वर्षअखेरीची वाट बघू नये.

नवी नोट आल्यावर मी एकूण ६,५८८ हा आकडा सगळ्यात शेवटी पाहिला. आधी पाहिलं ते मूळ बिलाचा नंबर आणि तारीख नोटेवर आहे का, मग बॉक्सपुढे करपात्र फरक शून्य आहे का, मग टेपपुढे ६०० आणि १८ टक्के. नोव्हेंबरमध्ये टू-बी तयार झाल्यावर त्यात मूळ बिल ६,४४४ अधिक ६,४४४ ने आणि नोट २,९९४ अधिक २,९९४ ने दिसली. जुनी ५,८८० ची नोट कुठेही नव्हती. ती खरोखर रद्द झाली की फक्त कागदावर, हे तिथेच कळतं.

त्याच महिन्यात बॉक्सचं पुढचं बिल आलं. दिवाणजींनी ते खात्यावर टाकण्याआधी माझ्याकडे पाठवलं, सोबत चलन आणि आवक वहीच्या पानाचा फोटो. बॉक्सपुढे ५ टक्के होते आणि भागाकारही ५ च आला. टेपचे रोल बिलात ६०, चलनावर ६०, वहीत ६०.